डबा, कणगी आणि पेव: घरच्या बचतीला तारखा लावताना

मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हिशेबनीस आहे. पुरवठादारांची देणी किती दिवसांची झाली, कोणते बिल पुढच्या आठवड्यात द्यायचे आणि कोणते दोन महिने थांबू शकते, याचा तक्ता मी दर सोमवारी मालकांसमोर ठेवतो. हे काम वीस वर्षे करणाऱ्या माणसाने आपल्या घरच्या पैशांचा असा तक्ता कधीच केलेला नव्हता, हे मार्च २०२० मध्ये उघडे पडले.

त्या वेळी आमच्या फ्लॅटचे बांधकाम चालू होते. कर्ज मंजूर झाले होते, परंतु स्वतःच्या हिश्श्याचा ३ लाखांचा हप्ता भरण्याचे पत्र १० मार्चच्या सुमारास आले आणि मुदत पंधरा दिवसांची होती. हे पैसे २०१८ पासून थोडे थोडे करून निफ्टीच्या इंडेक्स फंडात ठेवलेले होते. जानेवारीत त्या फंडाची किंमत ६ लाख १० हजार दिसत होती. बाजार घसरू लागल्यावर, दोन दिवसांत सावरेल म्हणून मी थांबलो आणि शेवटी २३ मार्चला, म्हणजे निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला त्याच दिवशी, विक्रीचा अर्ज केला. सहा लाखांचे पावणेचार लाख झाले होते. हप्त्याचे ३ लाख काढल्यावर ७५ हजार उरले. जे ३ लाख हाती आले त्यांची किंमत जानेवारीत ४ लाख ८७ हजार होती. नोव्हेंबरमध्ये निफ्टीने जानेवारीचा उच्चांक ओलांडला, त्यामुळे आठ महिने थांबता आले असते तर हे नुकसान झालेच नसते. परंतु बिल्डरच्या पत्रात आठ महिने नव्हते.

याहून अधिक लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच होती. ज्या दिवशी मी हे युनिट विकले त्या दिवशी आमच्या दोन बचत खात्यांत मिळून २ लाख ४० हजार रुपये नुसते पडून होते आणि त्यांना हात लावायचा नाही असे आम्ही ठरवले होते, कारण ते ‘पुढे कधीतरी मुलीसाठी’ होते. पंधरा दिवसांत लागणारा पैसा शेअर बाजारात होता आणि चार-पाच वर्षांनी लागणारा पैसा बचत खात्यात होता. गुंतवणूक चुकीची नव्हती. फक्त कोणत्या पैशाला कोणती तारीख आहे, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

टाळेबंदीत कारखाना बंद असताना, मे महिन्यात, मुलीच्या न वापरलेल्या दोनशे पानी वहीत पत्नीने आणि मी हा तक्ता करायला घेतला. माझा पहिला प्रयत्न फसला, कारण मी आधी गुंतवणुकीची यादी केली आणि मग प्रत्येक गुंतवणुकीला एखादे उद्दिष्ट चिकटवू लागलो. पत्नी शाळेत शिकवते. तिने वही उलटी फिरवून मागच्या पानापासून फक्त खर्च लिहायला लावले. प्रत्येक खर्चापुढे चार रकाने होते: काय, कधी, आजच्या भावाने किती, आणि पुढे ढकलता येईल का. चौथा रकाना तिचा होता आणि सर्वांत उपयोगाचा तोच ठरला.

त्या पानावर आलेले खर्च असे होते. फ्लॅटच्या स्वतःच्या हिश्श्याचे उरलेले २ लाख, मार्च २०२१ च्या आत, ढकलता येणार नाहीत. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया, विम्याचे पैसे वजा जाता अंदाजे दीड लाख. तारीख नाही, पण डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे वर्षभरात. मुलगी नववीत जात होती, म्हणून जून २०२२ पासून अकरावी-बारावीच्या क्लासचे दोन वर्षांचे १ लाख ६० हजार. २०२४ मध्ये अभियांत्रिकीचा प्रवेश. माझी स्कूटर, ९० हजार, ढकलता येईल. माझी निवृत्ती, २०३४. आणि या सर्वांच्या वर, तारीख नसलेला खर्च म्हणून नोकरी गेल्यास किंवा आजारपण आल्यास लागणारे सहा महिन्यांच्या घरखर्चाचे २ लाख ८० हजार.

माझी आजी मंगळवेढ्याकडची. तिच्या घरी ज्वारी तीन ठिकाणी असे. रोजच्या दळणाची डब्यात, वर्षभराची कणगीत, आणि उरलेली जमिनीखालच्या पेवात. पेव उघडणे हे मोठे काम होते. तोंड उघडून, आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबून मगच माणूस आत उतरवायचा, आणि एकदा उघडलेले पेव अर्धवट ठेवता येत नसे. बँकेतले लोक आता याला बकेट म्हणतात. आम्ही वहीत डबा, कणगी आणि पेव असेच लिहिले, कारण आईला ते एका वाक्यात समजले आणि तिने लगेच विचारले की गुडघ्याचे पैसे डब्यात आहेत ना.

सीमा आम्ही अशा ठरवल्या. दोन वर्षांच्या आत लागणारे आणि तारीख नसलेले सर्व पैसे डब्यात, दोन ते सात वर्षांतले कणगीत, आणि सात वर्षांपलीकडचे पेवात. सात हा आकडा मी जुन्या बाजारावरून घेतला. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२०० च्या वर होता आणि २०१३ च्या डिसेंबरमध्येही तो त्याच आकड्याच्या आसपास घुटमळत होता. ज्याला जवळजवळ सहा वर्षे थांबणे परवडत नाही त्याने शिखरावर एकरकमी पैसे घातले असते तर त्याच्या हातात मुद्दलच आले असते, हे मला सीमेसाठी पुरेसे कारण वाटले. पाच वर्षे पुरतात असे म्हणणारे लोक आहेत आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतात; परंतु फीची तारीख ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर चालत नाही.

त्यानंतरच वहीच्या पुढच्या बाजूने गुंतवणुकी लिहिल्या. बचत खात्यांत २ लाख ४० हजार. एका पतसंस्थेतील आवर्ती ठेवीचे १ लाख ८० हजार. कर वाचवण्यासाठी केलेल्या पाच वर्षांच्या दोन मुदत ठेवी, प्रत्येकी दीड लाखाच्या. एक मार्च २०२२ मध्ये आणि दुसरी मार्च २०२४ मध्ये संपणारी. पीपीएफमध्ये ७ लाख २० हजार. इंडेक्स फंडात उरलेले, जूनपर्यंत थोडे वर आलेले, सुमारे १ लाख. दोघांचा भविष्यनिर्वाह निधी यात धरला नाही, तो पेवाचा तळ समजून बाजूला ठेवला. सोने लिहायचे का, यावर थोडी चर्चा झाली. आईने दागिना कोणत्याच डब्यात बसत नाही असे सांगितले आणि विषय संपला.

दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्यावर डब्याचा हिशेब सर्वांत आधी चुकलेला दिसला. मार्च २०२२ पूर्वी लागू शकणारे पैसे होते ६ लाख ३० हजार: फ्लॅटचे २ लाख, आईचे दीड लाख आणि आणीबाणीचे २ लाख ८० हजार. हाताशी येऊ शकणारे होते बचत खात्यांतले आणि पतसंस्थेतले मिळून ४ लाख २० हजार. मार्च २०२२ मध्ये संपणारी ठेव व्याजासह सुमारे २ लाख १० हजारांची होणार होती, म्हणजे बेरीज पैशापैशाने जुळत होती. परंतु कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव मुदतीपूर्वी मोडता येत नाही, आणि फ्लॅटचे पैसे तिच्या एक वर्ष आधी हवे होते. बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला असे नाही, हे मी कारखान्यात मालकांना अनेकदा सांगितले आहे.

मग ठरवले ते असे. त्या ठेवीचे पैसे क्लासच्या फीसाठी राखून ठेवायचे, कारण तीन महिन्यांनीच ती फी सुरू होत होती. डब्यातली तूट दरमहा १२ हजार घालून भरायची आणि त्यासाठी पीपीएफमध्ये वर्षभर किमान रकमेपलीकडे काही भरायचे नाही. फ्लॅट आणि शस्त्रक्रिया दोन्ही मार्च २०२१ पर्यंत झाल्या तर आणीबाणीच्या भागात फक्त पावणेदोन लाख उरतील आणि तो भाग जानेवारी २०२२ पर्यंत अपुरा राहील, हे आम्ही उघड्या डोळ्यांनी मान्य केले. सगळे डबे पहिल्या दिवशी भरलेले असावेत असा हट्ट धरला असता तर ही वही तिथेच मिटली असती.

डब्यातला पैसा किती दिवसांत हातात येतो, हे कागदावर वाचून कळत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून मी प्रत्येक ठिकाणाहून पैसे काढण्याचा अर्ज करून पाहिला. पतसंस्थेने आधी कोरोनाचे कारण सांगितले, मग व्यवस्थापक रजेवर असल्याचे सांगितले आणि सात आठवड्यांनी पैसे दिले. पैसे बुडाले नाहीत, परंतु सात आठवडे लागणारा पैसा डब्यातला नव्हे. शिवाय बँकांतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो (ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच १ लाखावरून वाढली होती), तो पतसंस्थांना लागू नाही, ही गोष्ट मी जाणून असूनही अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजासाठी विसरलो होतो.

ते पैसे बँकेच्या छोट्या छोट्या मुदत ठेवींत आणि काही लिक्विड फंडात गेले. ठेवी मुद्दाम पन्नास-पन्नास हजारांच्या केल्या. मुदतीपूर्वी ठेव मोडली की जितके दिवस ती राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही साधारण अर्धा ते एक टक्का कापला जातो. मोठी एकच ठेव असेल तर चाळीस हजारांसाठी संपूर्ण रकमेवर ती कात्री चालते.

एवढे करूनही आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, आमची फजिती झालीच. शनिवारी सकाळी दाखल करताना रुग्णालयाने ८० हजार अनामत मागितली. बचत खात्यात ६० हजार होते. लिक्विड फंडातून पैसे काढण्याचा अर्ज मी शुक्रवारी दुपारी चारला केला होता, पण तीनची वेळ टळून गेल्यामुळे तो सोमवारचा धरला गेला आणि पैसे मंगळवारी आले. मेहुण्याने २० हजार पाठवले म्हणून भागले. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी डब्याचे आणखी दोन भाग केले. दीड लाख बचत खात्यातच, व्याज कमी मिळाले तरी चालेल, आणि उरलेले एक-दोन दिवसांत येणारे. स्वयंपाकघरातल्या डब्यातही वरची वाटी वेगळी असतेच.

कणगीच्या बाबतीत आमची समजूत सर्वांत जास्त बदलली. ‘मुलीचे शिक्षण’ हे आम्ही इतकी वर्षे एक उद्दिष्ट, एक रक्कम आणि एक वर्ष असे धरून चाललो होतो. वहीच्या ‘कधी’ या रकान्यात ते लिहिताना लक्षात आले की ती एक तारीख नाही, चार तारखा आहेत: २०२४, २०२५, २०२६ आणि २०२७ चा उन्हाळा. आजच्या भावाने वर्षाला दीड लाख आणि दरवर्षी आठ टक्के वाढ धरली तर पहिल्या वर्षाचे २ लाख ४ हजार होत होते आणि चौथ्या वर्षाचे २ लाख ५७ हजार. चारही वर्षांचे मिळून सव्वानऊ लाखांच्या आत. पहिली फी २०२० पासून चार वर्षांवर होती आणि चौथी सात वर्षांवर. एकाच खर्चाचा एक भाग कणगीत आणि दुसरा पेवाच्या उंबरठ्यावर होता.

पीपीएफ ‘पंधरा वर्षांनी शिक्षणाला येईल’ म्हणून उघडलेले होते. ऑगस्ट २०११ मध्ये उघडले, म्हणजे ऑगस्ट २०२६ मध्ये संपणार, असे मी नेहमी सांगत असे. वास्तविक पंधरा वर्षे खाते उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात, त्यामुळे ते १ एप्रिल २०२७ ला परिपक्व होणार होते. प्रवेशाच्या वेळी त्याचा पूर्ण उपयोग नव्हता. मधल्या काळात काही रक्कम काढता येते, पण तिला मर्यादा असते. मात्र चौथ्या वर्षाच्या फीच्या तीन-चार महिने आधी ते हाती येणार होते. म्हणून चौथे वर्ष पीपीएफच्या नावावर टाकले आणि त्याचा विचार करणे सोडून दिले.

पहिल्या वर्षासाठी मार्च २०२४ ची ठेव तयारच होती. व्याजासह तिचे सव्वादोन लाखांच्या आत काहीतरी होणार होते. दुसऱ्या वर्षासाठी पत्नीने जुलै २०२० मध्ये टपाल कार्यालयात दरमहा ३ हजारांची पाच वर्षांची आवर्ती ठेव उघडली. त्या वेळचा दर ५.८ टक्के होता आणि ओळखीतल्या दोघांनी तरी या दराला कोण पैसे ठेवते असे विचारले. जुलै २०२५ मध्ये तिचे सुमारे २ लाख ९ हजार झाले, तेव्हा त्या दोघांना सांगायला मी गेलो नाही.

तिसऱ्या वर्षाच्या बाबतीत आम्ही स्वतःचाच नियम वाकवला. २०२६ म्हणजे सहा वर्षे. नियमाप्रमाणे ते कणगीचे. परंतु ठेवींचे दर फारच उतरले होते, म्हणून ही एक फी इंडेक्स फंडात दरमहा ८ हजारांच्या एसआयपीवर सोडली आणि त्याबरोबर एक अट लिहिली: तीन वर्षे उरली की बाजार कसाही असो, पैसे बाहेर काढायचे. वहीत एप्रिल २०२३ असे लाल शाईने लिहिलेले होते.

ती अट पाळणे जितके सोपे वाटले होते तितके नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये निफ्टी १८ हजारांच्या वर गेला तेव्हा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता, आणि मीच घरी येऊन मांडले की डब्यातले लिक्विड फंडातले पैसे आणि मार्चमध्ये येणारी ठेव तिकडे वळवू. पत्नीने वही आणून समोर ठेवली आणि विचारले, “यातली कुठली तारीख बदलली?” एकही बदललेली नव्हती. जून २०२२ मध्ये क्लासची पहिली फी भरायच्या वेळी निफ्टी १५,३०० च्या आसपास होता. मी तो प्रस्ताव मांडला होता हे तिने त्या वेळी काढले नाही, हे नमूद केले पाहिजे.

एप्रिल २०२३ मध्ये फंडात पावणेपाच लाखांच्या आसपास होते. त्यातले २ लाख ४० हजार काढून तीन वर्षांच्या मुदत ठेवीत टाकले. तोवर ठेवींचे दर सात टक्क्यांपर्यंत आले होते, हा योगायोग. विकलेल्या युनिटांवरचा नफा एक लाखाच्या आतला असल्यामुळे त्या वर्षीच्या नियमानुसार त्यावर कर लागला नाही. त्यानंतर बाजार आणखी वर गेला आणि पैसे ठेवले असते तर जास्त मिळाले असते हे मी हिशेब करून पाहिलेले आहे. तो आकडा वहीत लिहिलेला नाही.

आमची मोठी चूक मात्र कोणत्याही गुंतवणुकीत नव्हती, ती खर्चाच्या पानावर होती. मुलीला २०२४ मध्ये पुण्याच्या महाविद्यालयात जागा मिळाली. फी अंदाजापेक्षा थोडी कमीच निघाली, परंतु वसतिगृह आणि मेस यांचे वर्षाचे १ लाख २० हजार आम्ही धरलेच नव्हते, कारण आमच्या डोळ्यांसमोर ती नाशिकमध्येच शिकत होती. पुढच्या वर्षांच्या ठेवींना हात लावला असता तर सगळी साखळी एकेक वर्ष मागे आली असती. म्हणून एसआयपी ८ हजारांची ४ हजारांवर आणली, स्कूटर तिसऱ्यांदा पुढे ढकलली आणि दरमहा १० हजार पगारातून पाठवू लागलो. प्रवेशाच्या फेऱ्यांतही एक गोष्ट कळली. जागा मिळाल्यावर फी भरायला मोजके दिवस असतात आणि फेरी नक्की कधी लागेल हे सांगता येत नाही, त्यामुळे त्यानंतर प्रत्येक ठेवीची मुदत मे महिन्याच्या आत संपेल अशीच ठेवली. टपालाची आवर्ती ठेव तेवढी जुलैत संपणारी होती. तिच्या वेळी दोन आठवडे डब्यातले पैसे उसने घ्यावे लागले.

वही आम्ही दर एप्रिलला उघडतो. काम तासाभराचे असते: प्रत्येक खर्चापुढची उरलेली वर्षे एकने कमी करायची, ज्याने सीमा ओलांडली त्याचे पैसे पुढच्या ठिकाणी सरकवायचे, आणि डब्यातून गेलेले भरून काढायचे. निवृत्तीची ओळ २०२७ मध्ये पहिल्यांदा हलणार आहे, कारण निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षाचा घरखर्च तेव्हा कणगीत आणायला सुरुवात करावी लागेल. निवृत्ती हीसुद्धा एक तारीख नसून पंचवीस-तीस तारखा आहेत, हे चार फीवरून आम्ही शिकलो.

या एप्रिलला तिसऱ्या वर्षाच्या फीची ठेव संपत आहे. मुलगी सुट्टीत घरी आली होती तेव्हा तिने ती वही पाहिली आणि मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: परदेशात एमएस, २०२८. ‘किती’ या रकान्यात प्रश्नचिन्ह आहे आणि ‘पुढे ढकलता येईल का’ या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिले आहे. पत्नीने ती ओळ तशीच ठेवली, फक्त त्या ‘नाही’ शेजारी पेन्सिलीने एक बारीक चौकोन काढून तो रिकामा सोडला आहे.